आईच्या मराठी आभाराच्या चिठ्ठीचं जपानी करायचंय, अडकलेय. मदत करा

कोयनाकाठची

मंडळी, छोटंसं काम आहे पण दोन दिवस डोकं खातंय.

मी टोकियोत असते, आई कराडहून तीन महिन्यांसाठी आलीये. गेल्या आठवड्यात मी ऑफिसात असताना आई कचरा टाकायला खाली उतरली आणि बिल्डिंगचं खालचं दार मागे आपोआप लॉक झालं. किल्ली वर, फोन वर, पायात घरातल्या सपाता, अंगावर सुती साडी आणि फेब्रुवारीतला पाऊस. पहिल्या मजल्यावरच्या एक आजी (नाव लिहीत नाही, क्ष-सान म्हणू) बाहेरून आल्या, त्यांनी आईला घरात नेलं, अंगावर स्वतःची शाल घातली, चहा दिला, खाणाखुणा करून दोन तास बसवून ठेवलं. मग पत्रपेटीवरचं आडनाव आईला दाखवून खात्री केली आणि बिल्डिंगच्या मॅनेजरकडून माझा नंबर मिळवला.

मी त्याच संध्याकाळी जाऊन वाकून बिकून आले. पण आईला स्वतःची चिठ्ठी द्यायचीच आहे. तिने सांगितलेला मजकूर जसाच्या तसा:

"नमस्कार. त्या दिवशी तुम्ही देवासारख्या धावून आलात. परक्या देशात मला घरात घेतलंत, स्वतःची शाल दिलीत, चहासुद्धा दिलात. तुमचे उपकार मी जन्मभर विसरणार नाही. एकदा आमच्याकडे जेवायला या. मला तुमची बहीण समजा."

माझं जपानी कामापुरतं आहे, म्हणजे मीटिंगमध्ये हो-ला-हो करता येतं. मी केलेली सुरुवात अशी: "अनाता वा कामिसामा नो योऊ नि किते कुरेमाशिता". ऑफिसातल्या जपानी मैत्रिणीला दाखवली, ती गोड हसली आणि म्हणाली "अर्थ कळतो हं". हे वाक्य किती भयंकर असतं ते तिथे राहणाऱ्यांना माहीत आहे.

नक्की काय चुकतंय?

निंजा_नाशिककर

अहो एवढं काय त्यात, "आरिगातो गोझाइमासु" लिहा आणि खाली स्मायली काढा. नाहीतर "गोकुरोऊसामा देशिता" लिहा, कष्ट घेतल्याबद्दल आभार असा अर्थ होतो, मी खूप अ‍ॅनिमे बघतो.

निशिकासाईकर

@निंजा, गोकुरोऊसामा लिहू नका हो, प्लीज. ते वरच्याने खालच्याला म्हणायचं. साहेब शिपायाला म्हणतो तसं. आजींना ते लिहिणं म्हणजे "शाब्बास, चांगलं काम केलंस" म्हणून पाठ थोपटणं.

निंजा_नाशिककर

मेलो. मी गेल्या वर्षी आमच्या जपानी सरांना सेंड-ऑफच्या कार्डावर हेच लिहिलं होतं. तरीच ते कार्ड बघून बराच वेळ गप्प होते, मला वाटलं गहिवरले.

म्युनिकचा_मोरू

हहपुवा निंजा.

माझाही किस्सा. जर्मनीत नवा असताना वरच्या मजल्यावर रविवारी ड्रिल चालवलं, इथे रविवारी ते चालत नाही. खालच्या काकांना चिठ्ठी लिहिली, त्यात "डू" वापरलं, कारण मला वाटलं शेजारी म्हणजे घरचेच. शिवाय लिहिलं "इख एन्टशुल्डिगं मिख". काकांनी मला जिन्यात थांबवून शांतपणे सांगितलं की माणूस स्वतःच स्वतःला माफ करू शकत नाही, माफी मागायची असते, "इख बिटं उम एन्टशुल्डिगुंग" म्हणायचं. आणि "डू" कधी सुरू करायचं ते मोठा माणूस ठरवतो. ड्रिलबद्दल एक शब्द बोलले नाहीत!

तर माझा सल्ला, सरळ "झी" वापरा.

निशिकासाईकर

मोरूभाऊ, धागा जपानीचा आहे :)

बोरूबहाद्दर

कोयनाकाठची, तुझ्या आईची चिठ्ठी फार सुंदर आहे, म्हणूनच अवघड आहे. मी बावीस वर्षं जपानी-मराठी-इंग्रजी भाषांतर करतेय, त्यातली बरीच वर्षं गाड्यांच्या मॅन्युअलमध्ये गेली, पण पोट भरायला माफीपत्रंही पुष्कळ केली आहेत. थोडं सविस्तर लिहिते.

तुझ्या पहिल्या वाक्यातली पहिली अडचण "अनाता". मराठीत "तुम्ही" म्हटलं की आदर आला, विषय संपला. म्हणून आपण शब्दकोशात "तुम्ही"समोर जे दिसतं ते उचलतो. पण जपानीत वयाने मोठ्या माणसाला तोंडावर अनाता म्हणत नाहीत. नाव घेतात, क्ष-सान, पत्रात क्ष-सामा. आणि बहुतेक वेळा काहीच म्हणत नाहीत. आईच्या चिठ्ठीत तुम्ही-तुमचे-तुमची असं तीनदा आलंय, जपानीत ते शून्य वेळा येईल. मग आदर कुठे गेला? तो क्रियापदात गेला. तसा तो मराठीतही क्रियापदात असतोच, "घेतलंत", "दिलीत", "आलात" यातला शेवटचा त काढून बघ. मराठीत "तुम्ही" गाळून नुसतं "घरात घेतलंत, चहासुद्धा दिलात" म्हटलं तरी आदर जागेवर राहतो. जपानी तेच पुढे नेतं.

दुसरी अडचण "कुरेमाशिता". याचा अर्थ "माझ्यासाठी केलं", पण हे बरोबरीच्या माणसाचं झालं. मोठ्या माणसासाठी "कुदासाइमाशिता". आणि त्याहून पत्रात शोभेल असं म्हणजे वाक्य उलटं फिरवायचं: त्यांनी दिलं असं न म्हणता मला मिळालं असं म्हणायचं, "इतादाकिमाशिता". त्यांनी घरात घेतलं याऐवजी त्यांच्याकडून घरात घेतलं जाण्याचं भाग्य मिळालं, असा काहीसा भाव. मराठीत तसं लिहिलं तर निमंत्रणपत्रिका वाटेल, तिकडे ते रोजचं आहे.

तिसरं म्हणजे चिठ्ठी नक्की कोणाची आहे? आईची की तुझी? यावर पुढचं सगळं अवलंबून आहे. ते आधी ठरव.

कोयनाकाठची

बोरूताई, धन्यवाद, शेवटच्या त चं मला कधी लक्षातच आलं नव्हतं.

चिठ्ठी आईचीच. पण आईला जपानीचा ज येत नाही हे क्ष-सानना माहीत आहे, म्हणजे लिहिलंय मी हे उघड आहे. फरक पडतो का?

बोरूबहाद्दर

खूप. तू तुझ्या नावाने लिहिलंस तर आईचा उल्लेख "हाहा" असा करायचा, साधा, बिनआदराचा. "ओकाआसान" नाही. स्वतःच्या घरातलं माणूस बाहेरच्यासमोर उंच ठेवायचं नाही, हा तिकडचा नियम. आई काय म्हणाली हे सांगताना "ओश्शाइमाशिता" नाही, "मोऊशिते ओरिमासु". म्हणजे आईचंही बोलणं खाली घ्यायचं.

मराठी माणूस इथे हमखास घसरतो. आपण बाहेरच्याला सांगतानाही "बाबा म्हणाले" म्हणतो. ऑफिसात "आमचे साहेब आज आलेले नाहीत" म्हणतो. जपानी माणूस बाहेरच्या कंपनीच्या फोनवर स्वतःच्या साहेबाचं नुसतं आडनाव घेतो, मागे सान लावत नाही. मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं यांचं भांडण झालंय.

अक्कामावशी

पण ताई, मराठीत आईला आपण "आई म्हणाली"च म्हणतो की. एकेरी. बाबा म्हणाले, आई म्हणाली. आणि सासू असेल तर "आई म्हणाल्या". माझ्या घरात दोन्ही आया एकाच वेळी असतात तेव्हा नुसत्या क्रियापदावरून मुलांना कळतं कोणती आई.

म्हणजे हिच्या बाबतीत मराठी आणि जपानी जुळलंच!

बोरूबहाद्दर

@अक्कामावशी, दिसायला जुळलं, कारण वेगळं आहे. आपली आई एकेरी जवळिकीने, त्यांची "हाहा" साधी ऐकणाऱ्याच्या मानासाठी. घरात तोंडावर ते आईला ओकाआसानच म्हणतात. पण हो, हिचं काम सोपं झालं. बाबांची चिठ्ठी असती तर जीव जड झाला असता.

कर्वेनगरचा_कट्टा

अवांतर: असंच आपलं हिंदीत होतं. मराठी "तुम्ही" चं हिंदी आपण बिनधास्त "तुम" करतो. माझ्या वडिलांनी लखनौच्या व्याह्यांना पत्र लिहिलं होतं, "तुम आये, बहुत अच्छा लगा". बाबांच्या मनात पूर्ण आदर, तिकडे पत्र हातोहात फिरलं. शेवटी बहिणीने सासरी मराठी व्याकरणाचा तास घेतला तेव्हा मिटलं.

म्हापशेकार

मला देवाचं काढायचं नाही असं वाटतं. आमच्याकडे कोंकणीत आभार मानायचे म्हणजेच "देव बरें करूं". देव आला नाही तर आभार कसले? आईंचं वाक्य आहे, राहू द्या. परदेशी माणसाचं पत्र परदेशी वाटलं तर काय बिघडलं.

बोरूबहाद्दर

@म्हापशेकार, तुमचा मुद्दा मला पटतो आणि तरी मी काढेन :) जपानीत "कामिसामा नो योऊ" लिहिलं तर चूक नाही, पण वाचणाऱ्याला ते लहान मुलाचं किंवा एखाद्या कलाकाराच्या चाहत्याचं बोलणं वाटू शकतं. आईंच्या मराठीत "देवासारख्या धावून आलात" ही रुळलेली बोली आहे. कोणी खरोखर देव म्हणत नाहीये. ती वयस्कर, घरंदाज बाईची सहज निघालेली भाषा आहे. तिकडे नेताना सहजपणा न्यायचा की देव न्यायचा, दोन्ही एका पिशवीत मावत नाहीत.

त्याउलट "उपकार" मात्र जसेच्या तसे नेता येतात. जपानीत "ओन" हा तंतोतंत तोच शब्द आहे, फेडायचं असतं ते. "गोओन वा इश्शोऊ वासुरेमासेन", उपकार आयुष्यभर विसरणार नाही. वजनदार आहे, पण थंडीत कुडकुडणाऱ्या पाहुणीला घरात घेणं हीही वजनदारच गोष्ट आहे.

निंजा_नाशिककर

ओन वरून आठवलं, "सुमिमासेन" चा मूळ अर्थ "संपलं नाही, फिटलं नाही" असा आहे ना? म्हणजे उपकार फिटले नाहीत! मग आभारासाठी तेच लिहा, आभार पण झाले माफी पण झाली. हे मी अ‍ॅनिमेत नाही, क्लासात शिकलोय.

निशिकासाईकर

यावेळी निंजा बराचसा बरोबर आहे, नोंद घ्या.

फक्त तो शब्द आता इतका घासून गुळगुळीत झालाय की लिफ्टमध्ये वाट द्यायला, वेटरला हाक मारायला, सगळीकडे तोच. बोलताना उत्तम. लिहिताना हलका पडतो, त्यात मोठ्या माणसाला. चिठ्ठीत "मोऊशिवाके गोझाइमासेन" लागेल.

आणि माझ्या मते माफीचं वाक्य पाहिजेच. इथे अशा प्रसंगी नुसतं थँक्यू म्हटलं तर अर्धवट वाटतं. समोरच्याचे दोन तास गेले ना. "गोमेइवाकु ओ ओकाके शिमाशिता", तुम्हाला त्रास दिला, हे आलंच पाहिजे. मी इथे पंधरा वर्षं आहे, मुलगा पहिलीत असताना शेजाऱ्यांची कुंडी फोडली तेव्हापासून हे वाक्य पाठ आहे.

कोयनाकाठची

इथेच तर घोडं अडलंय!! काल आईला सांगितलं की ताई-दादा म्हणतायत "त्रास दिला, माफ करा" असं लिहायचं. आई चिडली. म्हणे "मी काय चोरी केली का? दार त्यांचं लागलं. मी आभार मानतेय, माफी कशाची? माफी मागितली की त्यांना वाटेल आपण त्यांच्या चांगुलपणाला त्रास समजलो." आणि वर, "तुझ्या आजीने आयुष्यात कोणाला थँक्यू म्हटलं नाही, पण शेजारणीकडे वाटी कधी रिकामी गेली नाही."

तिचंही खोटं नाही ना?

अक्कामावशी

आई +१. आपल्याकडे कोणी मदत केली आणि आपण "सॉरी हं तुम्हाला त्रास" म्हटलं तर समोरचा म्हणतो "वेडी का, त्रास कसला, परकी समजतेस का". म्हणजे माफीने अंतर वाढतं.

जुना_पोस्टमन

चाळीस वर्षं लोकांची पत्रं पोचवली आणि निम्म्यांची वाचूनही दाखवली, म्हणून आगाऊपणा करतो.

पूर्वी मायना बघूनच कळायचं पत्र कोणाचं कोणाला. तीर्थस्वरूप, साष्टांग नमस्कार वि. वि. म्हणजे मोठ्यांना. चिरंजीव, अनेक उत्तम आशीर्वाद म्हणजे लहानांना. सप्रेम नमस्कार म्हणजे बरोबरीच्याला. पुढे आत भांडण असो नाहीतर पैसे मागितलेले असोत, वरच्या ओळीने ज्याची त्याची जागा ठरून जायची, त्यामुळे आतली भाषा मोकळी राहायची. आता मायना गेला, म्हणून सगळा भार आतल्या शब्दांवर पडतो असं मला वाटतं. जपानीत मायना असतो का हो बोरूताई? असेल तर आदर तिथे ठेवा आणि आत आईंना मोकळं बोलू द्या.

बोरूबहाद्दर

काका, वाचून इतकं छान वाटलं. असतो, पक्का असतो. वर "हाइकेइ", मग ऋतूची एक ओळ, थंडी ओसरतेय, प्लमला बहर आलाय अशी, आणि शेवटी "केइगु". पण ते रीतसर पत्राला. वरच्या मजल्यावरून खालच्या मजल्यावर द्यायच्या चिठ्ठीला हाइकेइ लावलं तर शेजारणीला "तीर्थस्वरूप" लिहिल्यासारखं होईल, वकिलाची नोटीस आली की काय म्हणून घाबरायच्या. यासाठी "इप्पित्सुसेन" म्हणून अरुंद, उभा कागद मिळतो, स्टेशनरीच्या कुठल्याही दुकानात. चारसहा ओळी मावतात, त्यामुळे मायना नसला तरी कोणी काही म्हणत नाही. कागदच सांगतो की ही छोटी चिठ्ठी आहे.

आता आईंच्या रागाबद्दल. आईंचं बरोबर आहे, पण त्या मराठी माफीबद्दल बोलतायत. "गोमेइवाकु" मध्ये मी गुन्हा केला हे कबूल करणं नाही, तुमचा वेळ, तुमची शाल, तुमचा चहा गेला हे मी पाहिलं, एवढंच आहे. मराठीत हे आपण माफी न मागता करतो. "तुम्हाला उगाच माझ्यामुळे धावपळ झाली." यात माफ शब्द कुठे आहे? पण काम तेच. हे वाक्य आईंना विचारून बघ, चालतंय का.

आणि ते वाक्य तुझ्या तोंडी ठेव. धावपळ आईमुळे नाही, तुझ्यामुळे झाली. किल्ली गळ्यात अडकवून द्यायला हवी होतीस :)

कोयनाकाठची

ताई तुम्ही जादूगार आहात. "उगाच धावपळ झाली" म्हटल्यावर आई म्हणाली "हां, हे मी म्हणालेच होते त्यांना, मराठीत".

निशिकासाईकर

मग मी सुचवतो, वर आईंच्या हातची देवनागरीतली एक ओळ, खाली तुमच्या नावाने जपानी. चिठ्ठी आईंची राहते आणि भाषेचा आदर तुम्ही सांभाळता. फुकटची हाहा-ओकाआसानची भानगडही मिटते.

जेवायला बोलावण्याची ओळ काढा पण. इथे "घरी या एकदा" हे पत्त्याच्या कार्डावर सगळेच छापतात, कोणी जात नाही. खरंच बोलवायचं असेल तर नंतर तारीख घेऊन तोंडी बोलवा. आणि बहीणही काढा.

म्हापशेकार

देव काढला, जेवण काढलं, बहीण काढली. चिठ्ठीत आईंचं काय उरलं? चहाच.

बोरूबहाद्दर

@म्हापशेकार, हो, हे भाषांतराचं दुःख आहे, त्यावर माझ्याकडे औषध नाही. पण चहा राहू द्या, चहातच सगळं आहे. आईंनी "चहासुद्धा" म्हटलंय बघा. तो "सुद्धा" जपानीत जसाच्या तसा आहे, "ओचा मादे". घरात घेतलं तेवढंच खूप होतं, वर चहासुद्धा. दोन्ही भाषांत ती छोटी भर समोरच्याला उंच करते.

मी बसून केलंय, बघ:

क्ष-सामा,
सेनजित्सु वा, हाहा गा ताइहेन ओसेवा नि नारिमाशिता. सामुइ नाका, इए नि इरेते इतादाकि, आताताकाइ ओचा मादे इतादाइता तो किकि, आरिगाताइ किमोचि दे इप्पाइ देसु. क्यू ना कोतो दे गोमेइवाकु ओ ओकाके शि, मोऊशिवाके गोझाइमासेन देशिता. ओकागेसामा दे, हाहा वा काझे मो हिकाझु, गेन्कि नि शिते ओरिमासु. "गोओन वा इश्शोऊ वासुरेमासेन" तो मोऊशिते ओरिमासु.

मराठीत साधारण: त्या दिवशी आईला तुमचा मोठा आधार झाला. थंडीत घरात घेतलंत, गरम चहासुद्धा दिलात हे तिच्याकडून कळलं, मन भरून आलंय. अचानक तुमची धावपळ झाली, मनाला लागून राहिलंय. तुमच्या कृपेने आईला साधी सर्दीही झाली नाही, ठणठणीत आहे. उपकार जन्मभर विसरणार नाही म्हणते.

दोन गोष्टी बघ. आई बरी आहे ही ओळ तुमच्या मराठी चिठ्ठीत नव्हती, मी घातली. ज्यांनी मदत केली त्यांना नंतर काय झालं ते कळवणं हे तिकडे आभाराइतकंच महत्त्वाचं. आणि शाल गाळली, कारण एकाच वाक्यात इतादाकु तीनदा झालं की वाचणाऱ्याला धाप लागते. खरं तर दोनदाही जास्तच आहे. नवशिके आदर म्हणून प्रत्येक क्रियापदावर मुकुट चढवतात, मग वाक्य मखरात बसलेल्या गणपतीसारखं दिसतं, हलत नाही. शाल परत देताना तोंडी सांग.

निशिकासाईकर

माझ्या मते दुसरं इतादाकु काढून "ओचा मादे दाशिते कुदासात्ता तो किकि" केलं तर आणखी हलकं होईल.

बोरूबहाद्दर

होईल. मला मात्र "इतादाइता" चा ओघ आवडतो. यावर आपण दोघं भांडू शकतो, क्ष-सानना दोन्हीने आनंदच होईल.

म्युनिकचा_मोरू

सोबत काय देताय? जर्मनीत मी वाइन दिली होती ड्रिलवाल्या काकांना.

कोयनाकाठची

आईने बेसनाचे लाडू केलेत. मी म्हटलं इथे घरचं केलेलं अनोळखी माणसाला देत नाहीत, दुकानातला खोका देऊ. आई ऐकत नाही.

निशिकासाईकर

दुकानातला खोकाच सेफ, खरंच. वयस्कर बाई, पथ्यपाणी असेल, नको असेल तर त्यांना सांगता येणार नाही. द्यायचेच असतील तर थोडे द्या, आणि चार नका देऊ, चार म्हणजे "शी", मरणाचा उच्चार.

अक्कामावशी

चार कोण देतं, आपण पाचच देतो!

कोयनाकाठची

(तीन दिवसांनी)

अपडेट. इप्पित्सुसेन मिळाला, प्लमच्या फुलांचा. वर आईने स्वतः लिहिलं, "देवासारख्या धावून आलात". म्हापशेकार, तुमचा देव राहिला, देवनागरीत. खाली बोरूताईंचं जपानी, मी हाताने उतरवलं, तीन कागद फुकट गेले. दुकानातला खोका आणि स्टीलच्या डब्यात पाच लाडू, दोन्ही दिलं, तह झाला. आईने डबा दिला आणि क्ष-साननी दोन्ही हातांनी घेतला, मग आई पण गडबडून दोन्ही हातांनी देत राहिली, क्षणभर डबा चौघींच्या... म्हणजे चार हातांत अडकला.

आज दारावर पिशवी लटकलेली. आत आपलाच डबा, घासून लखलखीत, भरून मिकान संत्री, आणि एक चिठ्ठी. त्यात एक ओळ आहे तिने मी घाबरलेय: "काएत्ते ओकि ओ त्सुकावासेते शिमाइ, मोऊशिवाके गोझाइमासेन". म्हणजे "उलट तुम्हालाच विचार करायला लावला, माफ करा" असं काहीतरी. त्या नाराज आहेत का? लाडू द्यायला नको होते का? निशिकासाईकर, तुमचं ऐकायला हवं होतं का?

निशिकासाईकर

नाराज नाहीत हो. हे इथे अगदी नेहमीचं आहे, भेट आली की असंच लिहितात. पण आता संत्र्यांच्या बदल्यात परत काही देऊ नका, नाहीतर हे दिवाळीपर्यंत चालेल.

बोरूबहाद्दर

नाराज असत्या तर डबा रिकामा, कोरडा धन्यवाद आणि दुकानातून आणलेली बरोबर अर्ध्या किमतीची वस्तू आली असती. मिकान घरात खायला आणलेल्यातले दिसतात. ती ओळ आईला वाचून दाखव, मराठीत काय म्हणतात ते त्याच सांगतील.

कोयनाकाठची

वाचून दाखवली. शब्दाला शब्द सांगितलं, "उलट तुम्हालाच त्रास घ्यायला लावला, माफ करा". आई संत्रं सोलत होती, मान पण वर केली नाही.

म्हणाली, "अगं म्हणजे 'उगाच कशाला एवढं केलंत' म्हणतेय ती. धुवून ठेव डबा, रविवारी पुरणपोळ्या करू."

निशिकासाईकर

दिवाळीपर्यंत म्हटलं होतं ना मी.